लेहसाठी बाहेरच्या सर्किटमध्ये ग्लायकॉल किती टक्के? पंपाचं हेड आणि प्लेट एक्स्चेंजर यांचा हिशेब

प्रश्न: आम्ही पुण्यात बसून लेहमधल्या एका हॉटेलचं हीटिंग डिझाइन करतोय. बाहेर ६० किलोवॅटचा एअर-सोर्स हीट पंप, आत प्लेट हीट एक्स्चेंजर, मध्ये २ इंची लाइन, जाऊन-येऊन ८० मीटर. ग्लायकॉलच्या बाजूला ४५/४० आणि इमारतीच्या पाण्याच्या बाजूला ४३/३८ धरलंय. किमान तापमान उणे १८. क्लायंट म्हणतो, ५० टक्के ग्लायकॉल भरा म्हणजे चिंता नको. पाण्यावर काढलेलं हेड १३ मीटर आलंय, त्यावर २० टक्के मार्जिन ठेवून पंप घेतला तर चालेल का? आणि हीट ट्रान्सफरमध्ये खरंच फरक पडतो का?

उत्तर:

५० टक्के भरू नका. प्रोपिलीन ग्लायकॉल ४० टक्के पुरेसं आहे. पंप १३ अधिक २० टक्के असा घेऊ नका. तो सुमारे १९ मीटरवर आणि ३.१ लिटर प्रति सेकंदाला निवडा. प्लेट एक्स्चेंजरची निवड मात्र पुन्हा पहिल्यापासून करा, कारण फरक पडतो आणि तो चांगला मोठा आहे. त्याशिवाय तुमच्या वर्णनात एक्स्चेंजरला बायपास दिसत नाही. तो नसेल तर टक्केवारी कितीही अचूक असली तरी पहिल्याच हिवाळ्यात प्लेट्स फुटू शकतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आधी टक्केवारी कशी ठरते ते बघू. प्रोपिलीन ग्लायकॉलचं ३० टक्के मिश्रण साधारण उणे १३ ला गोठायला लागतं, ३५ टक्के उणे १६ च्या आसपास, ४० टक्के उणे २१ ला आणि ५० टक्के उणे ३३ ला. डिझाइन तापमानाच्या खाली तीन अंशांची जागा ठेवायची, ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. उणे १८ मधून तीन वजा केले की उणे २१, म्हणजे बरोबर ४० टक्के.

क्लायंट विचारेल, "एखाद्या रात्री उणे २५ झालं तर?" लेहमध्ये असं होऊ शकतं, त्यामुळे प्रश्न योग्य आहे. पण गोठणबिंदू ओलांडला म्हणून ग्लायकॉल मिश्रण पाण्यासारखं एकदम दगड होत नाही. आधी शुद्ध पाण्याचे स्फटिक वेगळे होतात आणि उरलेला द्रव जास्त दाट होतो. तो इतका दाट झाला की त्या तापमानाला त्याला गोठता येत नाही, की बर्फ होणं थांबतं. उणे २५ ला द्रवरूपात राहणारं मिश्रण साधारण साडेत्रेचाळीस टक्क्यांचं असतं. ४० टक्क्यांचं मिश्रण तिथवर दाट व्हायला त्यातला सुमारे ८ टक्के भाग बर्फ व्हावा लागतो. म्हणजे पाइपात पातळ लगदा होईल, पण पाइप किंवा कंडेन्सर फुटणार नाही. हेच ३० टक्क्यांच्या मिश्रणाचं उणे २० ला बघितलं, तर जवळजवळ पाव भाग बर्फ झालेला असेल. पाइप तेव्हाही फुटणार नाहीत, पण तो लगदा पंपाला ढकलता येणार नाही आणि स्ट्रेनरची जाळी बुजेल.

फुटण्यापासून संरक्षण आणि गोठण्यापासून संरक्षण या दोन वेगळ्या गरजा आहेत. हिवाळाभर बंद ठेवायच्या सर्किटला पहिली गरज भागली तरी चालतं. त्यासाठी उणे १८ ला प्रोपिलीनचे साधारण २४ टक्के पुरतात, तर पूर्ण द्रव राहण्यासाठी ३६ लागतात. तुमचं सर्किट थंडीतच चालायचं आहे. रात्री वीज जाऊन पहाटे परत आली की त्याच क्षणी पंपाने द्रव फिरवला पाहिजे. म्हणून तुम्हाला दुसरी गरज लागू होते आणि २५-३० टक्क्यांवर भागवता येत नाही. हीट पंपाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. डीफ्रॉस्ट चालू असताना आतला कंडेन्सर उलटा चालतो, तोच गारवा देऊ लागतो, आणि त्याच्या प्लेट्सपाशी द्रव लाइनमधल्या तापमानापेक्षा बराच थंड होतो. त्या प्लेट्स फुटल्या तर पाणी गॅसच्या सर्किटमध्ये जातं आणि सगळं युनिट जातं.

इथिलीन ग्लायकॉल पातळ असतं आणि पंपाला सोपं जातं, हे खरं. पण ते विषारी आहे. हॉटेलमध्ये गरम पाण्याची व्यवस्था त्याच प्लांट रूममध्ये असते आणि गळती कुठे झिरपेल ते सांगता येत नाही. मी हॉटेलसाठी प्रोपिलीनच घेतो.

आता हेड. पाण्यावर ६० किलोवॅट आणि ५ अंशांच्या फरकाला २.९ लिटर प्रति सेकंद लागतात. ४० टक्के ग्लायकॉल पाण्यापेक्षा किंचित जड असतं, पण त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता कमी असते. चाळीस अंशांना दर किलोला पाण्याचे ४.१८ किलोज्यूल, तर याचे साधारण ३.७५. घनतेचा थोडा फायदा धरूनही तेवढीच उष्णता तेवढ्याच फरकाने न्यायला ८ टक्के जास्त फ्लो लागतो, म्हणजे ३.१३ लिटर प्रति सेकंद. बरेच जण इथेच चुकतात. घट्टपणाचा गुणक लावतात, पण फ्लो पाण्याचाच ठेवतात. घर्षण फ्लोच्या जवळजवळ वर्गाने वाढतं, त्यामुळे या ८ टक्क्यांनीच हेड १५-१६ टक्के वाढलेलं असतं.

त्यावर घट्टपणाचा भार येतो. ४२ अंशांच्या आसपास पाण्याची व्हिस्कॉसिटी ०.६५ सेंटिपॉइजपेक्षा थोडी कमी असते, आणि ४० टक्के प्रोपिलीनची सुमारे २. म्हणजे तिप्पट. तिप्पट घट्ट म्हणून हेड तिप्पट होत नाही. प्रवाह खळाळता असेपर्यंत घर्षणगुणक हळूहळू वाढतो. तुमच्या २ इंची पाइपात पाण्याचा रेनॉल्ड्स क्रमांक एक लाखाच्या वर होता, तो ग्लायकॉलवर ३७-३८ हजारांवर येतो. प्रवाह अजूनही चांगला खळाळता आहे. घर्षणगुणक ०.०२२ वरून ०.०२५ वर जातो, एवढंच.

तुमचे ८० मीटर आणि फिटिंगचे ४० मीटर असे मिळून १२० मीटर समतुल्य लांबी मी धरली आहे. पाण्यावर पाइपचं हेड ४.३ मीटर येतं, ग्लायकॉलवर ५.८. व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनर यांचे २ मीटर होते, ते २.३ होतात, कारण तिथे घट्टपणापेक्षा वेगाचा संबंध जास्त. खरी वाढ प्लेट्समध्ये आहे. प्लेटच्या वाटा दोन-तीन मिलिमीटरच्या असतात, रेनॉल्ड्स क्रमांक मुळातच लहान असतो, आणि घट्टपणा तिथे लगेच जाणवतो. इमारतीच्या एक्स्चेंजरचे ३ मीटर धरले होते, ते साधारण ४.७ होतात. हीट पंपातल्या कंडेन्सरचे ४ मीटर होते, ते ६.२ होतात. एकूण १३.३ चे १९ झाले. प्लेटचे आकडे अंदाजाने काढलेले आहेत. निर्मात्याच्या सिलेक्शन शीटवर तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मिळेल, तो घाला. पाइपचे आकडे मात्र तुम्ही स्वतः पडताळून बघू शकता.

हेच ५० टक्क्यांवर केलं तर फ्लो ३.२५ होतो आणि हेड साडेएकवीसच्या पुढे जातं. म्हणजे "चिंता नको" याची किंमत पाण्याच्या तुलनेत ६० टक्के जास्त हेड आणि १२ टक्के जास्त फ्लो, आणि तीही दर दिवशी, सगळा हिवाळाभर. बदल्यात मिळतं काय, तर उणे ३३ पर्यंतचं संरक्षण, जे तुमच्या साइटला लागत नाही.

पंपाची शक्ती बघा. पाण्यावर द्रवाला द्यायची शक्ती ०.३८ किलोवॅट होती, ४० टक्क्यांवर ती ०.६ होते. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर शाफ्टवर ०.७५ ऐवजी १.२ किलोवॅट. १.१ किलोवॅटची मोटर घेतली असेल तर ती ओव्हरलोडवर जाईल. त्यात लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, हवा विरळ असते आणि मोटरला गारवा कमी मिळतो. नेहमीच्या मोटर आणि व्हीएफडी हजार मीटरपर्यंतच पूर्ण रेटिंगला चालतात. मी इथे २.२ किलोवॅटची मोटर आणि व्हीएफडी घेईन.

तुमच्या २० टक्के मार्जिनचं काय होईल, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १३ चे १५.६ मीटर केले आणि पंप २.९ लिटरला निवडला, तर ग्लायकॉल गरम असताना तो २.८ लिटरच्या आसपास बसेल. हवा होता ३.१३. तापमानाचा फरक ५ ऐवजी ५.६ अंश होईल. म्हणजे दिवसा, यंत्रणा चालू असताना, फारसं काही बिघडलेलं दिसणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की निवड बरोबर होती. अडचण दिसते ती पहाटे.

हिवाळ्यात वीज बराच वेळ गेली आणि पहाटे आली असं समजा. बाहेरची लाइन इन्सुलेटेड असली तरी पुरेसा वेळ गेला की आतलं ग्लायकॉल बाहेरच्या हवेच्या जवळ पोचतं. इन्सुलेशन थंडी अडवत नाही, उशिरा पोचवतं. पहाटे वीज आली तेव्हा सर्किट उणे १८ ला आहे. त्या तापमानाला ४० टक्के प्रोपिलीनची व्हिस्कॉसिटी चाळीस सेंटिपॉइजच्या पुढे असते, म्हणजे चालू स्थितीच्या वीसपट. आता २ इंची पाइपातही प्रवाह खळाळता राहत नाही. रेनॉल्ड्स क्रमांक दोन हजारांच्या खाली जातो आणि द्रव संथ थरांनी सरकतो. पाइपचं हेड पूर्ण फ्लोला ५.८ वरून आठच्या आसपास जातं, हे तरी सोसण्यासारखं आहे. पण प्लेट्समध्ये ते तिपटीपेक्षा जास्त होऊ शकतं. पूर्ण फ्लो मागितला तर एकूण हेड चाळिशीच्या पुढे जाईल. पंप तेवढं देऊ शकत नाही, म्हणून तो वक्रावर मागे सरकतो आणि अर्ध्या फ्लोच्या आसपास थांबतो. शिवाय इतका घट्ट द्रव फिरवताना लहान पंपाचं हेड आणि कार्यक्षमता कॅटलॉगपेक्षा खाली येते, कारण कॅटलॉगचा वक्र पाण्याचा असतो.

तुमच्या हीट पंपाच्या मॅन्युअलमध्ये किमान फ्लो दिलेला असेल. तो नॉमिनलच्या ६०-७० टक्के असेल तर फ्लो फॉल्ट येईल आणि युनिट चालू होणार नाही. युनिट चालू नाही म्हणून द्रव गरम होत नाही, आणि द्रव गरम होत नाही म्हणून युनिट चालू होत नाही. साइटवरून फोन येतो, "साहेब, रोज सकाळी फॉल्ट येतो, दुपारी आपोआप जातो." असं कुणी सांगितलं की मी आधी कंट्रोलर तपासायला सांगत नाही. फॉल्टच्या वेळी लाइनचं तापमान किती होतं ते विचारतो. दुपारी उन्हाने लाइन दहा-पंधरा अंशांनी वर आलेली असते आणि घट्टपणा तेवढ्यानेच निम्म्याहून कमी होतो. ५० टक्के मिश्रण असेल तर हीच अडचण आणखी लवकर येते, कारण उणे १८ ला ते ४० टक्क्यांपेक्षा जवळजवळ दीडपट घट्ट असतं. सुरक्षिततेसाठी वाढवलेली टक्केवारीच सकाळी यंत्रणा अडवून ठेवते.

यावर मोठा पंप हा उपाय नाही. दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, इमारतीच्या प्लेट एक्स्चेंजरला तीन-मार्गी व्हॉल्व्हने बायपास. दुसरी, बाहेरच्या सर्किटमध्ये लहान इलेक्ट्रिक हीटर. बायपासमुळे एका प्लेट पॅकचं हेड सुरुवातीला वजा होतं आणि फ्लो अर्ध्यावरून साधारण दोन-तृतीयांशापर्यंत येतो. तुमच्या सर्किटमध्ये पाइपात १७५ लिटर आणि उपकरणांत मिळून एकूण २२० लिटर द्रव असेल. उणे १८ वरून शून्यावर आणायला ६ किलोवॅटच्या हीटरला ४० मिनिटं लागतात. पाइपचं धातू आणि बाहेर जाणारी उष्णता धरून तासभर समजा. शून्याला व्हिस्कॉसिटी बारा-तेरावर आलेली असते आणि युनिट तिथून स्वतः पुढे नेतं.

बायपासचं दुसरं कारण पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि मी सुरुवातीला त्याचाच उल्लेख केला. एक्स्चेंजरच्या एका बाजूला ग्लायकॉल आहे, दुसऱ्या बाजूला इमारतीचं साधं पाणी. पंप चालू झाला की उणे १८ चा द्रव थेट प्लेटवर येतो. दुसऱ्या बाजूचं पाणी त्या क्षणी उभं असेल, तर ते काही सेकंदांत गोठतं आणि अर्धा मिलिमीटर जाडीची प्लेट फाटते. ग्लायकॉल गोठलेलं नसतं, ग्लायकॉलची टक्केवारी अचूक असते, तरी नुकसान होतं. म्हणून ग्लायकॉलचं तापमान ५ अंशांच्या वर गेल्याशिवाय व्हॉल्व्हने एक्स्चेंजरची वाट उघडता कामा नये, आणि आतल्या बाजूचा पंप चालू असून फ्लो स्विचने ते दाखवल्याशिवाय तर अजिबात नाही. व्हॉल्व्ह असा घ्या की वीज गेली की स्प्रिंगने बायपासकडेच वळेल. हे कंट्रोल लॉजिकच्या कागदावर लिहून द्या, आणि साइटवर सेन्सरचं तापमान खोटं देऊन ते करून दाखवायला सांगा.

आता हीट ट्रान्सफर. प्लेटच्या ग्लायकॉल बाजूचा फिल्म गुणांक तीन कारणांनी घसरतो. उष्णतावाहकता पाण्याच्या दोन-तृतीयांश होते, व्हिस्कॉसिटी तिप्पट होते, विशिष्ट उष्णता थोडी कमी होते. वाढलेल्या फ्लोमुळे थोडी भरपाई होते. सगळं मिळून चालू तापमानाला तो गुणांक पाण्याच्या साधारण निम्मा राहतो.

दोन्ही बाजूंना पाणी असताना प्रत्येक बाजूचा गुणांक ८००० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरा. स्टीलच्या पातळ प्लेटचा छोटा अडथळा धरून एकूण यू-व्हॅल्यू ३५५० च्या आसपास येते. ग्लायकॉलच्या बाजूला ४१०० घातले की ती २५०० होते. निम्मी नाही, पण ३० टक्के कमी, कारण दुसऱ्या बाजूला पाणीच आहे. तुमच्या ४५/४० आणि ४३/३८ मध्ये दोन्ही टोकांना फक्त २ अंशांचा फरक आहे. तोच एक्स्चेंजर ठेवला तर ६० किलोवॅट पलीकडे न्यायला २ ऐवजी २.८ अंश लागतील. म्हणजे हीट पंपाला ४५ ऐवजी ४६ च्या आसपास द्रव द्यावा लागेल. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण हीट पंपाचा सीओपी दर अंशाला साधारण दोन-अडीच टक्क्यांनी घसरतो. कंडेन्सरमध्येही ग्लायकॉलच आहे, तिथे आणखी थोडी घसरण होते. निर्माते यासाठी ग्लायकॉलचे गुणक देतात, ते क्षमतेच्या आकड्याला लावलेत ना, ते बघा.

"मग ४० टक्के जास्त प्लेट्स घाला" असं सप्लायर पटकन म्हणतो. तेवढ्याने होत नाही. प्लेट्स वाढल्या की तोच फ्लो जास्त वाटांत विभागला जातो, प्रत्येक वाटेतला वेग कमी होतो आणि फिल्म गुणांक आणखी खाली येतो. वाढवलेल्या क्षेत्रफळाचा काही भाग त्यातच जातो. फायदा एवढा की प्रेशर ड्रॉप कमी होतो. म्हणून सप्लायरकडून निवड नव्याने मागवा. त्याला द्रव, टक्केवारी, दोन्ही बाजूंची चारही तापमानं आणि परवडणारा प्रेशर ड्रॉप लिहून द्या. मिळालेल्या शीटवर प्रेशर ड्रॉप आधीपेक्षा कमी आला तर पंपाचा १९ मीटरचा आकडा पुन्हा काढा, कदाचित १८ वर भागेल. पंप आणि एक्स्चेंजर एकाच वेळी ठरवायचे असतात. एक ऑर्डर करून मग दुसरा बघू, असं केलं की व्हॉल्व्ह दाबून फ्लो जुळवण्याची वेळ येते.

या सगळ्या हिशेबात फक्त बाहेरच्या सर्किटमध्ये ग्लायकॉल आहे, ही तुमची निवड उत्तम आहे. इमारतीच्या फॅन कॉइलपर्यंत ग्लायकॉल नेलं असतं तर ही घसरण प्रत्येक कॉइलमध्ये सोसावी लागली असती आणि हजारो लिटर द्रव सांभाळावा लागला असता.

भरताना काय सांभाळायचं, ते थोडक्यात. २२० लिटरला ८८ लिटर मूळ ग्लायकॉल आणि बाकी डीएम वॉटर. इनहिबिटर घातलेलं, हीटिंग-कूलिंगसाठी बनवलेलं ग्लायकॉलच घ्या. गाडीचं कूलंट नको, त्यातल्या सिलिकेटचा थर प्लेटवर बसतो. जड पाणी नको, कॅल्शियम इनहिबिटरशी संयोग पावून गाळ होतो. आधीच मिसळलेला ४० टक्क्यांचा माल आला असेल, तर साइटवर कुणी त्यात पुन्हा पाणी घालणार नाही हे बघा. आणि मेकअप लाइन नळाला कायमची जोडू नका. बारीक गळती असली की नळाचं पाणी गुपचूप आत जातं, दाब ठीक दिसतो आणि टक्केवारी घसरत राहते. वीस टक्क्यांच्या खाली गेलेल्या मिश्रणात जिवाणू ग्लायकॉलच खायला लागतात, द्रव आंबट आणि काळपट होतो. त्याऐवजी मिश्रणाचीच छोटी टाकी आणि हातपंप ठेवा. प्रसरण टाकीही पाण्याच्या हिशेबाने घेऊ नका. उणे १८ ते ४५ मध्ये हे मिश्रण सुमारे ३ टक्के फुगतं, म्हणजे तुमच्या सर्किटमध्ये सहा-सात लिटर. वीस अंशांना भरलेलं सर्किट थंड झालं की साडेतीन लिटरच्या आसपास आकसतंही. तेवढा साठा टाकीत नसेल तर वरच्या टोकाला दाब शून्याखाली जातो आणि एअर व्हेंटमधून हवा आत येते.

स्किड पुण्यात बनणार असेल तर हायड्रो टेस्ट इथेच साध्या पाण्यावर होईल. इथे पाणी गोठत नाही, त्यामुळे टेस्टनंतर ड्रेन कॉक उघडला की काम झालं असं शॉपमधल्या मंडळींना वाटतं. पण प्लेट पॅकच्या तळाशी आणि पंपाच्या केसिंगमध्ये काही लिटर पाणी उरतं. ट्रक खिंडीत रात्रभर उभा राहिला की तेच गोठतं, आणि लेहला पोचलेला नवा कोरा एक्स्चेंजर पहिल्याच भरणीला गळतो. ते फुटलं नाही, तरी उरलेलं पाणी मिश्रण पातळ करतं. २२० लिटरमध्ये १५ लिटर पाणी राहिलं तर ४० चे सदतीस-अडतीस होतात. कोरड्या हवेने फुंकून काढा, किंवा शेवटची टेस्ट ४० टक्के मिश्रणावरच करा आणि ते मिश्रण गाळून परत वापरा. शिवाय २८ अंशांच्या पाण्यावर मिळालेलं हेड आणि फ्लो साइटवर मिळतील अशी अपेक्षा टेस्ट रिपोर्टमध्ये लिहू नका.

टक्केवारी तपासायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा, पण प्रोपिलीनच्या पट्टीवर वाचा. इथिलीनची पट्टी वाचली तर संरक्षणाचा आकडा चुकतो. याहून साधी तपासणीही आहे. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा भरून घरच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा, फ्रीजर साधारण उणे १८ लाच असतो. सोबत थर्मामीटर ठेवा. ४० टक्के मिश्रण सकाळी स्वच्छ, फक्त तेलासारखं दाट दिसलं पाहिजे. त्यात स्फटिक दिसले तर मिश्रण पातळ आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

कमिशनिंगच्या वेळी मोजमापांची काळजी घ्या. बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या दाबावरून फ्लो वाचणाऱ्या मीटरमध्ये द्रव आणि टक्केवारी निवडावी लागते. अल्ट्रासॉनिक मीटरमध्येही ग्लायकॉल निवडावंच लागतं, कारण त्यात आवाजाचा वेग पाण्यापेक्षा वेगळा असतो. बीटीयू मीटर पाण्यावर सेट राहिलं तर ते साधारण ८ टक्के जास्त उष्णता दाखवेल, आणि क्लायंटला वाटेल की हीट पंप कॅटलॉगपेक्षा चांगला चाललाय. वाचन घेताना द्रव ४० अंशांच्या वर गेलेला असू द्या. पूर्ण भारावर फरक ५ अंश, एक्स्चेंजरवरचा दाबफरक शीटच्या जवळ, आणि पंपाचा करंट मोटरच्या प्लेटपेक्षा खाली, एवढं जुळलं की एक पहाट मुद्दाम निवडा. रात्री ब्रेकर पाडून ठेवा, सर्किट थंड होऊ द्या, आणि सकाळी सहाला वीज देऊन तिथेच उभं राहून बघा: व्हॉल्व्ह बायपासवर आहे का, किती मिनिटांत ५ अंश येतात, फ्लो स्विच टिकतो का. ही चाचणी जानेवारीत घ्या. ऑक्टोबरमधल्या कमिशनिंगला ती घेऊन काही कळणार नाही.